तंबाखूच्या डबीतल्या कॅप्सूल

दुष्काळात आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. थोडं औषध सगळ्यांना पुरवायचं म्हणून पट्टीतून काढून सुट्ट्या कॅप्सूल पुडीत देत असे. एका मजुराची बायको नवऱ्याच्या सगळ्या कॅप्सूल तंबाखूच्या डबीत एकत्र करून घेऊन आली.

"भाऊ, पित्ताची कंची?"

"कितीदा सांगू, एकत्र करू नका."

"पुडीवर नाव न्हाई, मला कसं कळावं?"

मऊ, अखंड होती ती तेलाची. दोन टोपणांची अपारदर्शक, ती बहुधा भुकटीची. तिसरीच्या पारदर्शक टोपणातून दाणे दिसत होते. पित्ताची दाण्यांची असते, म्हणून मी तीच दाखवली. दाणे दिसतात, पण कशाचे ते दिसत नाही. ती अंगदुखीची निघाली. पित्तानं आधीच पोळलेल्या पोटात ती रोज गेली आणि नवऱ्याला रक्ताची उलटी झाली. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेल्यावर वाचला.

कारखान्याच्या डॉक्टरांना मी सांगितलं, बाईनं घोळ केला. घोळ माझा होता.