पैबाईचा हिशेब

बँकेचा मेसेज आला तेव्हा पैबाई रिकाम्या गाळ्यात टेपचं एक टोक धरून उभी होती. दुसरं टोक नणंदेच्या हातात. शिलाई मशीन शटरजवळ ठेवायचं की आतल्या भिंतीला, यावर दोघींची हुज्जत चालली होती. फोन वाजला. पैबाईने चष्मा नाकावर सरकवला, वाचलं, आणि टेप सोडून दिली. ती सर्रकन नणंदेच्या बोटावर आपटली.

"अगं आई गं! वहिनी, काय झालं?"

"मेले, मुडदे!" पैबाई म्हणाली. "तेरा हजार नऊशे बावन्न!"

आता या बाईला पैबाई का म्हणायचे ते सांगतो. खोक्यांच्या कारखान्यात साडेसतरा वर्षं तिने पगारपत्रकं केली. कुणाची एक पै इकडची तिकडे झाली तर ही रात्रीची झोप सोडेल, पण पै शोधून काढेल. मशीनवरच्यांपासून मालकापर्यंत सगळे तिला त्याच नावाने हाक मारत. खरं नाव विचारलं असतं तर निम्म्यांना सांगता आलं नसतं. तिलाही त्याचा अभिमान होता, आणि का नसावा? मालकाच्या जिभेपेक्षा लोकांचा भरवसा हिच्या कागदावर जास्त होता.

अशा बाईला, तिच्याच कारखान्याने, तिच्याच फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबात, गंडवलं. संताप येणार नाही तर काय होईल?

गाळ्याचं डिपॉझिट तीन लाख साठ हजार. गाळ्याच्या मालकाने महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली होती. नंतर म्हणे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. पैबाईचा हिशेब चोख होता. ग्रॅच्युइटी दोन लाख सत्तर हजार, ती महिन्याच्या आत वेगळी जमा झालीही होती. मूळ पगार सव्वीस हजार, त्याला सव्विसाने भागून पंधराने गुणायचं, म्हणजे वर्षाला पंधरा हजार. नोकरी सतरा वर्षं सात महिने. सहा महिन्यांच्या वर गेली की पूर्ण वर्ष धरतात, म्हणून अठरा. त्यावर उरलेल्या फुल अँड फायनलचे सत्त्याण्णव हजार आले की डिपॉझिट भरून वर मशीनच्या तेलपाण्यापुरते उरणार होते. त्या सत्त्याण्णवाचे तेरा झाले.

"चुकून आले असतील," नणंद म्हणाली. ही बिचारी सरळ. तिचा नवरा त्याच कारखान्यात कटिंग मशीनवर होता. तो जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून ही घरोघरचे ब्लाउज शिवत होती आणि स्वतःच्या दुकानाचं नाव काढलं की लाजत होती.

"चुकून? चुकून कधी जास्त आलेत का गं कुणाला?"

मेलवर कागद आला होता. पैबाईने तिथेच, धुळीच्या फरशीवर बसकण मारली आणि फोन मोठा करून एकेक ओळ वाचली. बारा दिवसांचा पगार, कपाती जाऊन सोळा हजार पाचशे बावन्न. बरोबर. शिल्लक रजा पंचेचाळीस, त्याचे एकोणचाळीस हजार. बरोबर. आणि त्याखाली, वजा करून, एक्केचाळीस हजार सहाशे. नोटीस वसुली, अठ्ठेचाळीस दिवस.

"वसुली!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारचा कुलपवाला डोकावला. "माझ्याकडून वसुली! अरे, मला हाकलणारे तुम्ही!"

गोष्ट अशी होती. नवीन साहेब आला, त्याच्या मागोमाग नवीन सॉफ्टवेअर आलं, आणि पैबाईला सगळ्यांसमोर 'जुनी माणसं' म्हणणं सुरू झालं. एक तारखेला तिने राजीनामा दिला. साठ दिवसांची नोटीस, शेवटच्या दिवसाची तारीख कागदावर स्वच्छ लिहिलेली. बाराव्या दिवशी साहेब म्हणाला, "उद्यापासून येण्याची गरज नाही, लॅपटॉप जमा करा." नेमणुकीच्या पत्रात कलम सरळ होतं: नोटीस ज्याने मोडली त्याने उरलेल्या दिवसांचे पैसे समोरच्याला द्यायचे. मोडली कंपनीने. म्हणजे ते एक्केचाळीस हजार सहाशे मिळायला हवे होते. मिळणं राहिलं बाजूला, उलट कापले. फटका दुप्पट, त्र्याऐंशी हजार दोनशेचा.

"मग ग्रॅच्युइटीतून का नाही कापले?" नणंदेने विचारलं.

"तिला असा हात लावता येत नाही, कायदा आडवा येतो. नाहीतर सोडली असती का त्यांनी? चल, मी जाऊन येते. आज एकाची तरी शेंडी उपटते."

गेटवर वॉचमनने पाहुण्यांची वही पुढे केली. साडेसतरा वर्षं ज्याचा ओव्हरटाइम हिने लावला तो वॉचमन! "नियम आहे, पैबाई," तो खाली बघत म्हणाला. कुणाला भेटायचंय या रकान्यात तिने लिहिलं, 'चोराला'. त्याने वाचलं आणि गुपचूप आत सोडलं.

तिच्या खुर्चीत आता चष्मेवाली बसली होती. चार वर्षं हाताखाली शिकलेली, हुशार, चाळिशीची बाई. पैबाईला बघून ती उठून उभी राहिली, पण पैबाईने बसूही दिलं नाही आणि बोलूही दिलं नाही.

"माझा सोडण्याचा फॉर्म काढ. आत्ता."

फॉर्म निघाला. शेवटच्या ओळीत दोन चौकोन: 'लवकर मोकळे केले, कर्मचाऱ्याच्या विनंतीवरून' आणि 'लवकर मोकळे केले, कंपनीच्या सोयीसाठी'. विनंतीच्या चौकोनात निळ्या शाईची खूण. खाली पैबाईची सही, लफ्फेदार, झोकात.

"ही खूण कुणाची?"

"माझी," चष्मेवाली म्हणाली.

"मी सही केली तेव्हा दोन्ही चौकोन कोरे होते!"

"हो, पैबाई."

"मग विनंती कुणी केली? तुझ्या आजीनं?"

चष्मेवालीचा आवाज अगदी बारीक झाला. "तुम्हीच शिकवलंत ना. जाणारा माणूस घाईत असतो, आधी सही घेऊन ठेवायची, खुणा मागून सवडीने करायच्या. साहेबांनी फॉर्मवर काही लिहिलं नाही की विनंती धरायची, म्हणजे फाइल अडकत नाही. मी तसंच केलं. तुमचं नाव होतं म्हणून हात थांबला होता. पण पद्धत ती पद्धत."

खरं होतं. शब्दन् शब्द पैबाईचा होता. 'सही करा हो, बाकी मी बघते,' हे वाक्य तिने किती जणांना ऐकवलं असेल? पगाराची तारीख डोक्यावर, फायलींचा ढीग, कुठे विचारत बसायचं कुणी कुणाला काढलं ते! आकडा बरोबर जुळायचा, पै न् पै जुळायची. खूण बरोबर आहे का, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

पण रागाचं तोंड आत वळायला वेळ लागतो. ती ताडताड साहेबाच्या केबिनमध्ये गेली.

"या, या," साहेब म्हणाला. "सही तर तुमचीच आहे."

"सही माझी, खूण तुमच्या ऑफिसची. माझ्या राजीनाम्यावर शेवटची तारीख साठाव्या दिवसाची आहे आणि त्यावर 'मंजूर' तुम्ही लिहिलंय. बाराव्या दिवशी माझा ईमेल आणि गेटचं कार्ड बंद करायला कुणी सांगितलं? तुमचाच मेल, सकाळी अकराचा, 'कंपनीने आजपासून मोकळं केलं आहे'. त्याची एक प्रत पगार खात्याला येते, ही पद्धतही मीच बसवली. छापून आणू? की कामगार कार्यालयात जाऊन तिथे वाचून दाखवू?"

साहेबाचं हसू ओसरलं. त्याने पेन फिरवलं, खुर्ची फिरवली, मग कुणावर उपकार करावेत तशा सुरात म्हणाला, "तुमची गोष्ट वेगळी आहे. तुमच्यासाठी दुरुस्ती करू. आठ दिवसांत त्र्याऐंशी हजार दोनशे जमा होतील. मात्र बाहेर चर्चा नको. उद्या आधी सोडून गेलेले सगळेच रांग लावतील."

"लावू देत! लावायलाच हवी!"

"त्या फायली तुम्ही बंद केल्यात, बाई. मी नव्हे."

दुरुस्तीचं पत्र पैबाईने तिथेच उभं राहून टाइप करवून घेतलं, दोनदा वाचलं, साहेबाची सही आणि शिक्का घेतला, आणि या खेपेला एकही रकाना कोरा राहू दिला नाही. 'चर्चा करणार नाही' ही ओळ तिने खोडायला लावली.

घरी आली तर नणंद चहाचं आधण ठेवून वाट बघत होती. पैबाईने पत्र तिच्यापुढे टाकलं. "गाळा आपला झाला. मालकाला आठ दिवस थांबवते, पत्र दाखवलं की थांबेल."

नणंदेने पत्र डोळ्यांना लावलं, हसली, डोळे पुसले. मग म्हणाली, "पण झालं होतं तरी काय?"

आता पैबाईने खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं. या घरात तिच्या हिशेबाला कुणी प्रश्न विचारत नसे. पण ती सांगू लागली. कोरे चौकोन, आधी सही, मागून खूण. नणंद ऐकत होती. आधण उकळून आटायला लागलं तरी तिने गॅस बंद केला नाही.

"वहिनी," ती म्हणाली, "ह्यांची फाइल कुणी केली होती?"

"मीच," पैबाई म्हणाली.

"तीस दिवसांची नोटीस दिली होती ह्यांनी. खोकला होता, पण जात होते. चौथ्या दिवशी फोरमननेच घरी पाठवलं, उद्यापासून येऊ नका, बाकीचे घाबरतात म्हणून. पैसे कमी आले तेव्हा हे म्हणाले, विचारून येऊ का? मीच म्हटलं, वहिनीने केलंय ना, मग बरोबरच असणार. उगीच तिला कशाला ओशाळं करायचं!" बोलता बोलता तिचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तो कधी चढलेला पैबाईने ऐकला नव्हता. "बावळट मी! विचारलं का नाही? आणि तू? घरातलं माणूस होतं ते, तू तरी त्याला विचारायचं होतंस!"

"विचारायला हवं होतं," पैबाई म्हणाली. "चुकलं माझं."

"चुकलं म्हणजे किती, ते सांग. तुला येतो ना हिशेब? सांग आता!"

मूळ पगार तेव्हा नऊ हजार. दिवसाचे तीनशे. सव्वीस दिवस. कापलेले एकदा आणि न दिलेले एकदा. पैबाईला कागद लागला नाही.

"पंधरा हजार सहाशे," ती म्हणाली.

नणंदेने गॅस बंद केला. "त्याच महिन्यात ते गोळ्या अर्ध्या करून घ्यायला लागले होते," ती म्हणाली.