उणे अडीच टक्के

फाशाचं उद्घाटन मी आयुष्यात एकदाच पाहिलं. व्यासपीठावर समई होती आणि समईशेजारी मखमली पेटीत पांढरे फासे. ते आदल्या दिवशी लिंबागणेशला गणपतीपुढे ठेवून आणले होते म्हणे. बाहेरगावाहून आलेल्या एका संशोधन संस्थेचे संचालक माइकवर म्हणाले, "आज आपल्या जिल्ह्यात सत्य बोलण्याचं नवं पर्व सुरू होत आहे." सत्य बोलण्याचं जुनं पर्व कधी संपलं, ते त्यांनी सांगितलं नाही. मी संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. जिल्हा कार्यालयाने मला स्थानिक सल्लागार म्हणून बसवलं होतं, म्हणजे पहिल्या रांगेत शाल घेऊन.

पद्धत मात्र चांगली होती, आणि त्यांची नव्हती. एखाद्या घराला थेट विचारलं की, तुमच्याकडे गेल्या तीन वर्षांत अठराच्या आत कुण्या मुलीचं लग्न लावलंत का, तर खरं उत्तर कोण देणार? त्यात गुन्हा दाखल होतो. म्हणून घरातल्या बाईने स्टीलच्या गडव्यात फासा टाकून हलवायचा आणि एकटीने वाकून बघायचं. एक पडला तर खरं काहीही असो, "हो" म्हणायचं. सहा पडला तर "नाही". दोन ते पाचमध्ये काहीही पडलं तर खरं सांगायचं. विचारणाऱ्याला फासा दिसत नाही, त्यामुळे त्या "हो"चा अर्थ त्याला कळत नाही, आणि कोर्टालाही कळणार नाही. सगळ्या घरांचं मिळून मात्र कळतं. सहाशे घरं घेतली तर सुमारे शंभर "हो" फाशाचे, ते वजा करायचे. उरलेले "हो" खरं बोललेल्या चारशे घरांतले.

हे झाकण फुकट मिळत नाही. फासा जेवढं लपवतो तेवढी माहितीही खातो. थेट प्रश्नाला जेवढी घरं पुरतात, त्याच्या चौपट-पाचपट इथे लागतात, तेव्हा कुठे तेवढीच खात्री येते. मी सहाशे घरं लिहून दिली होती. संचालकांनी एकशेवीस केली.

"सर, एकशेवीसवर आम्ही राज्यभर अभ्यास केलेत," ते म्हणाले.

"ते फाशाविना होते."

"फाशानं तर अचूकता वाढते ना?"

"खरेपणा वाढतो. अचूकता घटते."

"तुमचं म्हणणं नोंदवून घेतो," असं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण लावलं. अहवाल जाहीर करायला त्यांना दसऱ्याआधी सभागृह मिळालं होतं आणि सभागृह थांबत नाही.

यात सगळ्यात जास्त टांगणीला लागलं होतं चौसाळ्याजवळच्या एका गावातलं मुलींचं हंगामी वसतिगृह. आईबाप ऊसतोडीला गेले की मुली तिथे राहून शाळेत जातात. वसतिगृह नसलं की वयात आलेली पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, असा प्रश्न पडतो, आणि त्याला सगळ्यांना एकच उत्तर सुचतं. कार्यालयाने कळवलं होतं की, पाहणीत बालविवाह नगण्य दिसले तर या हंगामात वसतिगृह उघडायचं नाही, कारण गरज संपली. तिथं मुलींना सांभाळणाऱ्या बाईंनी मला पहिल्याच भेटीत विचारलं, "सर, आकडा मोठा आला तर आमची बदनामी, बारका आला तर कुलूप. आमी नवस कशाचा बोलावा?"

मी पाहणीला दोन दिवस त्या गावात फिरलो. तिसऱ्याच घरात एका आजीने गडवा हलवला, आत पाहिलं आणि मोठ्याने सांगितलं, "एक पडलाय. पन म्या न्हाई म्हनते."

संस्थेची मुलगी म्हणाली, "आजी, एक पडला तर हो म्हणायचं. आणि पडलेलं सांगायचं नाही."

"कावून हो म्हनू? माझी नात अंगनवाडीत हाय. तिन्हीसांजेला तोंडातून असं वंगाळ काढलं अन् वास्तू तथास्तु म्हनली, तर निस्तरायला तू येतीस का?"

शेजारची सून पदराआड हसली. "आत्याबाई, खेळ हाय तो."

"खेळ हाय तर तू म्हन की हो."

 सुनेने फासा टाकला, पाहिला आणि "न्हाई" म्हणाली. तिला काय पडलं ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक असू नये, हीच तर पद्धत. पण आमच्याकडे बोललेला शब्द घरावर बसतो, एवढी साधी गोष्ट ज्यांना व्यासपीठावर बसूनही सुचली नाही, त्यांनी प्रश्नावली छापली होती. "हो"ला लाल आणि "नाही"ला पांढरा मणी डब्यात टाकायला सांगितलं असतं तरी तोंड वाचलं असतं. मी हे संचालकांना सांगितलं. ते म्हणाले, मणी अहवालाच्या मुखपृष्ठावर चांगले दिसणार नाहीत.

सगळ्या गावांतल्या मिळून एकशेवीस घरांत अठरा "हो" आले. फाशाचेच सुमारे वीस यायला हवे होते. वजाबाकी उणे दोन, भागिले ऐंशी. म्हणजे गावोगाव उणे अडीच टक्के घरांत बालविवाह झाले होते. काही घरांनी, बहुधा, झालेली लग्नं परत घेतली असावीत.

संचालकांच्या सहायकाने तिथे शून्य लिहिलं. संचालकांनी त्या शून्याखाली वाक्य रचलं: "निर्मूलनाकडून निर्मूलनापलीकडे." अहवालाची प्रत कार्यालयात गेली असती तर बाईंच्या दाराला कुलूप लागायला आठवडाही लागला नसता.

मी संचालकांच्या खोलीवर गेलो. ते भाषणाची तालीम करत होते. मी सांगितलं की, एवढ्या लहान नमुन्यात चूक दोन्हीकडे दहा-दहा टक्क्यांची असते, शेकडा सात घरांत लग्नं झाली असली तरी असं उणं उत्तर येऊ शकतं, शिवाय एक पडूनही बाया "नाही" म्हणाल्या आहेत. ते ऐकत होते, म्हणजे आरशात बघत होते. मुलींचं सांगितलं. "भावनिक मुद्दा आहे," ते म्हणाले.

मग मी त्यांच्या भाषेत बोललो. "सभेत कुणी कच्चा आकडा मागितला तर तुमच्या नावावर उणे अडीच टक्के राहतील. त्यापेक्षा ही पूर्वतयारी होती म्हणा. मुख्य पाहणी पुढच्या वर्षी, पाचपट घरांची."

त्यांनी आरसा सोडला. "पाचपट?"

"शास्त्रच तसं मागतं."

"म्हणजे दुसरा टप्पा."

"आणि त्याचं उद्घाटन."

"मणी," ते सावकाश म्हणाले, "मण्यांचीही पेटी करता येईल." मण्यांमुळे आजींचं तोंड वाचणार होतं, हे मी पुन्हा सांगितलं नाही. नुसती घरं वाढवून एक पडूनही "नाही" म्हणण्याची खोट बुजली नसती. पण योग्य गोष्ट चुकीच्या कारणाने होत असली तर मध्ये बोलू नये, एवढं मी नोकरीत शिकलो होतो.

सभागृहात त्यांनी जाहीर केलं की, "प्राथमिक निष्कर्षांवरून कोणताही निर्णय घेणं अशास्त्रीय ठरेल." टाळ्या झाल्या. दोन दिवसांपूर्वी हाच माणूस निर्मूलनाच्या पलीकडे पोचला होता. कार्यालयाने कुलपाचा निर्णय पुढे ढकलला, आणि ते काम कार्यालयाला चांगलं येतं.

दिवाळीनंतर ट्रॅक्टर भरायला लागले तेव्हा मी बाईंकडे गेलो. पोरींच्या ट्रंका ओसरीवर ओळीने होत्या. एक बाप लेकीला दाराशी ठेवून, परत परत वळून बघत निघाला होता.

"सर, तो आकडा निघाला का मग?" बाईंनी विचारलं.

"नाही निघाला. पुढच्या वर्षी पाचपट घरं विचारणार आहेत."

"लई घाई करू नका म्हनावं," असं म्हणून त्या आत गेल्या आणि ट्रंका कुठे ठेवायच्या ते ओरडून सांगू लागल्या.