पहिल्या ओळीतला पाहुणचार

नसीरभाईंना कुणी विचारलं, की आयुष्यात काय केलंत, तर ते सरळ सांगतात, लोकांना आत घेतलं. एकोणीस वर्षं खंडाळ्याच्या एका हॉटेलच्या दारात त्यांनी दरवान म्हणून काढली. पुढची बावीस वर्षं तुंगार्लीत सुहासरावांचा बंगला सांभाळण्यात गेली. बंगल्यामागच्या दोन खोल्यांत त्यांचा आणि मेहरुनचा संसार. लेक तमन्ना वडगावात एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते. नसीरभाईंचा नियम एकच: आलेल्याला आधी सलाम, मग पाणी, मग कामाचं. या नियमापायीच गेल्या पावसाळ्यात दोन खोल्या जायची वेळ आली.

झालं असं, की पर्यटकांना भाड्यानं दिला जाणारा हा बंगला शनिवार-रविवारीसुद्धा रिकामा राहू लागला. सुहासराव पुण्यात राहतात. स्वभावानं वाईट नाहीत, पण व्यवहाराला पक्के. त्यांनी फोनवर शांतपणे सांगितलं, की दिवाळीपर्यंत असंच चाललं तर बंगला एजन्सीला चालवायला देणार. एजन्सीची माणसं एजन्सीची असतात. म्हणजे मागच्या खोल्यांतही तीच राहणार. मेहरुननं त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ घातलं आणि नसीरभाईंनी ती मुकाट्यानं खाल्ली.

त्यांना कोडं एवढंच होतं, की चौकशा तर रोज येत होत्या. बंगल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नवा माणूस काही विचारायचा, आणि आपोआप जाणारं स्वागत त्याला लगेच पोचायचं. ते स्वागत नसीरभाईंनी दोन दिवस खपून लिहिलं होतं. तरी माणसं पुढे गप्प बसायची.

तमन्ना रविवारी घरी आली तेव्हा तिनं आपल्या फोनवरून बंगल्याला मेसेज करून पाहिला. काहीच आलं नाही. मग तिच्या ध्यानात आलं, की हे स्वागत नव्या माणसालाच जातं, नाहीतर चौदा दिवस ज्याच्याशी काही बोलणं झालं नाही त्याला. बापलेकीचं तर रोजचं बोलणं. तिनं ऑफिसातल्या रेणुकाला फोन लावला आणि सांगितलं, की गिऱ्हाइकं करतात तसं कर, आपल्यासकट पाच बंगल्यांना एकच प्रश्न पाठव, फोन लॉक करून टेबलावर ठेव, आणि बंद पडद्यावर जे उमटेल त्याचा दुसऱ्या फोननं फोटो काढून मला धाड.

फोटो आला. एकाखाली एक पाच उत्तरं, प्रत्येकाची जेमतेम एक ओळ. एकात 'तलावाजवळ, बारा जणांची सोय', दुसऱ्यात 'तारीख कळवा, लगेच सांगतो'. नसीरभाईंच्या ओळीत होतं: 'नमस्कार. आपण आणि आपले कुटुंबीय सुखरूप…'

"अब्बा, पुढचं चांगलंच लिहिलंय तुम्ही," तमन्ना म्हणाली, "पण ते वाचायला आधी उघडावं लागतं. माणूस पाच ठिकाणी विचारतो. वरच्या ओळीत कामाचं दिसलं तेवढंच उघडतो. ही ओळ तर विमा विकणाऱ्यासारखी वाटते."

विम्याचं नसीरभाईंना फार लागलं. एकोणीस वर्षं ज्यानं दार उघडलं, त्याचं दार कुणी ढकलूनसुद्धा पाहत नव्हतं. लेक वडगावला परत गेल्यावर त्यांनी कुणालाही न विचारता मजकूर बदलला. आता सुरुवात होती: 'हो, बंगला मोकळा आहे. अवश्य या.' त्याखाली नमस्कार, त्याखाली तलावाचं वर्णन आणि सगळ्यात शेवटी, 'कृपया तारीख आधी नक्की करून घ्यावी.' आपण फार हुशारी केली असं त्यांना वाटलं. माणसं उघडू लागली, पुढचं विचारू लागली. दोन शनिवार भरले. मेहरुनचं मीठ ताळ्यावर आलं.

तिसऱ्या शनिवारी बंगल्यात चिंचवडची पार्टी होती. सकाळी अकराला फाटकाशी एक टेम्पो थांबला. त्यातून सात माणसं, दोन पातेली, एक केक आणि काठी टेकत एक आजी उतरल्या. पुढे झाला तो गोरख, मावळातल्याच नवलाख उंबरे गावचा, कारखान्यात काम करणारा. त्याच्या आईला, हिराबाईंना, सत्तरावं लागलं होतं. उभा जन्म मावळात गेला, पण बंगल्यात कधी राहिले नाही, असं त्या एकदा बोलल्या होत्या. लेकानं ते मनावर घेतलं होतं.

नसीरभाई म्हणाले, की बंगला भरलाय, तुमची तारीख काही ठरली नव्हती.

गोरखनं फोन काढला. कारखान्यात फोन कपाटात ठेवावा लागतो, जेवणाच्या सुट्टीत क्षणभर बघायला मिळतो. तेव्हा बंद पडद्यावर त्यानं जे वाचलं ते वाचलं, उघडायची गरजच त्याला वाटली नाही.

"म्या इचारलं, जय भीम, सनवारी बंगला मिळंल का?" तो म्हणाला. "तुमचं लगेच आलं, व्हय, मोकळा हाय, या. आता म्हनताय न्हाई. मंग तवा कोन बोललं?"

कुणीच बोललं नव्हतं. नसीरभाई तेव्हा मागं नारळाच्या झावळ्या ओढत होते, आणि तारीख पक्की करायला तो परत विचारील असं त्यांनी नंतर धरलं होतं. यंत्राला ना शनिवार माहीत, ना बंगला भरल्याचं. येईल त्याला ते तेच सांगत होतं. पण हे सत्तर वर्षांच्या बाईला फाटकात उभं करून कसं सांगायचं? आपण खोटं बोललो, या विचारानं त्यांचे कान तापले. मग त्यांनी एकोणीस वर्षांत रोज केलं तेच केलं. फाटक उघडलं, सलाम केला आणि म्हणाले, "आधी पाणी घ्या, मावशी."

हिराबाईंचा वाढदिवस मागच्या दोन खोल्यांत झाला. मेहरुननं स्वतःची खाट रिकामी केली, पातेल्यातलं मटण पुन्हा गरम केलं, वर भाकऱ्या थापल्या. गोरख तासभर घुश्शात होता, मग रस्सा वाढून घेताना विसरला. ऊन उतरल्यावर नसीरभाई आजींना हाताला धरून तलावाच्या बांधापर्यंत घेऊन गेले. त्यांनी परत परत माफी मागितली तेव्हा आजी वैतागल्या.

"नुसतं या म्हनलं की मानूस येतंच, बाबा," त्या म्हणाल्या. "आमच्यात आधी इचारत्यात, कदी येताय? येनाऱ्याला बी गोड लागतं, आन चुलीवर किती टाकायचं त्ये घरातल्या बाईलाबी कळतं."

टेम्पो गेला आणि नसीरभाईंनी परत बांधावर जाऊन मजकूर पुन्हा लिहिला: 'कधी येताय? किती जण? तुंगार्लीहून नसीर.' नमस्कार त्याखाली ठेवला. रेणुकाच्या नवऱ्याच्या फोनवर तपासून घेतलं, सगळं बंद पडद्यावर मावत होतं. बंगला भरलेला असो की मोकळा, यात खोटं काही नव्हतं. गंमत म्हणजे माणसं आता 'आहे का' असं न विचारता तारीखच सांगू लागली. ती मोकळी नसली तर नसीरभाई दुसरी सुचवायचे, आणि बरेच जण ती घ्यायचे.

दिवाळी आठवड्यावर आली. एका दुपारी नसीरभाई पाट्यावर मसाला वाटणाऱ्या मेहरुनजवळ बसले असताना फोन वाजला. सुहासरावांचं नाव, आणि खाली एक ओळ: 'पंधराला येतोय, चौघं. एजन्सीच्या माणसाला मी…'

पुढचं दिसत नव्हतं. नसीरभाईंनी फोन हातात घेतला, खाली ठेवला. '…बोलावलंय', '…हो म्हटलंय', '…चाव्या देणार आहे'. त्यांच्या मनानं तिथल्या तिथं तीन शेवट लिहिले आणि तिन्हींत त्या दोन खोल्या गेल्या. इतके दिवस लोकांनी आपला मेसेज उघडावा म्हणून झटणाऱ्या माणसाला स्वतःला तो उघडवेना.

मेहरुननं पदराला हात पुसले, फोन ओढून घेतला आणि उघडला. ती मोठ्यानं वाचू लागली.

"…नको म्हणून कळवलंय. बायकोच्या फोनवरून बंगल्याला विचारून पाहिलं. 'कधी येताय' असं आम्हालाच आमच्या घरी कुणी कधी विचारलं नव्हतं."

नसीरभाईंनी डोळे टिपले, मग चौघांसाठी तांदूळ निवडायला घेतले.