पोटऱ्या दुखतात का?

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी पेणला माझे बाबा वारले. लेप्टो झाला होता, साचलेल्या पाण्यातून होणारा ताप. पाच दिवस आधी ते फोनवर म्हणाले होते, "भाताच्या खाचरात उतरलो होतो, ताप आहे, पोटऱ्या फार दुखतायत." मी मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला होते. गोळी घ्या म्हटलं आणि पुन्हा वाचायला बसले.

दोन महिन्यांनी वॉर्डात मला केस मांडायची होती. निडी गावची एक मावशी, आठ दिवसांचा ताप, डोकं ठणकतंय. मी लेप्टो मांडला. ताप, पोटऱ्यांत वेदना, पाण्याशी संबंध. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी शेवटपर्यंत अडवलं नाही. मग त्या खाटेवर टेकल्या.

"मावशी, पोटऱ्या दुखतात?"

"नाय वो. ही पोर सारखी तेच इचारत व्हती, मंग म्हटलं, व्हय, दुखत असतील. तिचं तरी समाधान."

मागे कोणीतरी हसलं.

"पाण्यात उतरला होतात?"

"डोंगरावर गवत कापते मी. तिथं कसलं पाणी?"

मॅडमनी पडदा ओढायला सांगितला. परकराची नाडी सैल केली. नाडीखाली काळी खपली होती, विडीच्या चटक्याएवढी. दुखत नव्हती म्हणून मावशी बोलली नव्हती, आणि मी तिथवर तपासलंच नव्हतं. गवतातल्या बारीक किड्यांमुळे येणारा ताप, स्क्रब टायफस. मॅडमनी तिथेच औषध बदललं.

नंतर व्हरांड्यात त्यांनी माझे कागद मागितले.

"पहिल्या दिवसापासून सुरुवात करायची. तू एकदम पाचव्यावर गेलीस. लेप्टोला लागू पडणारं इंजेक्शन चालू होऊन तीन दिवस झाले तरी ताप उतरला नाही, हे फाइलमध्ये आहे, तुझ्या तोंडी नाही. कारण ते तुझ्या निदानाला सोयीचं नव्हतं. मलेरिया, डेंग्यू, स्क्रब, एकाचंही नाव घेतलं नाहीस. घ्यायचं, आणि प्रत्येकाच्या बाजूने काय, विरुद्ध काय, ते बोलायचं. उत्तर आधी ठरवून तू प्रश्न विचारलेस." त्यांनी पोटऱ्यांच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली. "ही हिस्टरी मावशीची नाही. कोणाची आहे?"

मी भिंतीला टेकले आणि तिथेच खाली बसले. मॅडमना बाबांचं ठाऊक नव्हतं. त्यांनी कागद माझ्या हातात परत दिले, म्हणाल्या, "पाणी पी. उद्या हीच केस परत मांड. या वेळी तिला बोलू दे."

दुसऱ्या दिवशी मी परत मांडली. तिसऱ्या दिवशी मावशीचा ताप उतरला. जाताना तिने माझा हात धरला, "तुझं बरं हाय ना गो?" मी हो म्हटलं.

ते कागद माझ्याकडे आहेत. बाबांना मी एकही प्रश्न विचारला नव्हता, आणि आता विचारता येत नाही.