जवसाचा अख्खा दाणा

माझ्या सासऱ्यांचा डॉक्टरांवर विश्वास नव्हता, माझ्या स्वयंपाकावर तर त्याहून नव्हता. जवसावर मात्र होता, आणि तोही डोळे झाकून. खाप्याजवळच्या आपल्या वावरातलं जवस ते दरवर्षी पत्र्याच्या डब्यात भरून आमच्या नागपूरच्या फ्लॅटवर आणत. अख्खं जवस घट्ट झाकून कोरड्या जागी ठेवलं की वर्षभर चांगलं राहतं, त्यामुळे डबा कधी रिकामा नसे. जेवण झालं की ते कवळी काढून वाटीत ठेवत, मोठा चमचाभर जवस जिभेवर घेत आणि दोन घोट पाण्याबरोबर गिळून टाकत. कवळीखाली एक जरी दाणा शिरला तरी हिरडीत खडा रुतल्यासारखं होतं, म्हणून ती आधी काढायची. मग चावणार कशानं?

ते बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं. नवरा सकाळीच बुटीबोरीला कंपनीत जायचा, अंधार पडल्यावर परतायचा. दिवसभर घरात आम्ही दोघंच, ते पलंगावर आणि बेडपॅन माझ्या हातात. डोक्यावर पदर घेऊन ज्यांच्यासमोर मी वीस वर्षं वावरले, त्यांचं हे करायचं म्हणजे दोघांनाही जड होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे, ते छताकडे.

डॉक्टरांना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "जवसाच्या पेरणीले वावरात जाता येईन का मले?"

"पोटभर जेवलात आणि रोज चालायला लागलात, तर दिवाळीपर्यंत जाल," डॉक्टर म्हणाले.

आणि नेमकं जेवणच त्यांनी सोडलं. आधी एक पोळी, मग अर्धी, मग नुसतं वरण चार घास. ग्लास भरलेलाच राहायचा. मला वाटलं, नेहमीचीच नाटकं, माझ्या हातचं गोड लागत नाही. मी भांडी आपटायचे. जवसाचा चमचा मात्र चुकत नव्हता, तो दोन घोटांवर व्हायचाच. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट आधीच आखडलं होतं. चार दिवस काही झालं नाही. चालायला उभं केलं तर पाय लटपटायचे.

पाचव्या दिवशी एकदाचं झालं. मी बेडपॅन न्हाणीत नेला, नळ सोडला आणि तशीच उभी राहिले.

दाणे होते. अख्खे. एका टोकाला निमुळते, तपकिरी, डब्यातून आत्ताच काढल्यासारखे चकचकीत. प्रत्येकाभोवती पातळ बुळबुळीत थर होता, पाणी पडलं की ते त्यातून निसटून पुढे जायचे. दात नाही लागला, पोटातलं आम्ल नाही लागलं, एवढ्या लांब आतड्यानं काही केलं नाही. माणूस आतून वाळत चालला होता आणि दाणा त्याच्यातून जसा गेला तसा बाहेर आला होता. किळस यायला हवी होती, ती आलीच नाही. देवळात गाभाऱ्यासमोर अंगावर काटा येतो तसा आला. हातमोजे घातलेल्या हातानं मी नळ बंद केला आणि बराच वेळ बघत राहिले.

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला. त्या हसल्या नाहीत, तेवढ्यानंच मला बरं वाटलं. म्हणाल्या, "जवसाचं टरफल फार चिवट असतं. तेल आणि बाकीचं चांगलं सगळं त्याच्या आत. दाणा फुटला नाही तर बरेच दाणे तसेच निघून जातात. वरचा चिकट थर पाण्यात फुगतो, त्याचा पोटाला थोडा उपयोग होतो, पण त्याला पाणी लागतं. पाणी किती पितात ते?"

ग्लास भरलेलाच राहतो हे दिसत होतं, पण का, हे मी सासऱ्यांना कधी विचारलंच नव्हतं.

मी पलंगाजवळ बसले. सासऱ्यांना मी मामाजीच म्हणते. "मामाजी, तुम्ही पाणी काहून नाही पिऊन राहिले?"

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. तिकडेच बघत म्हणाले, "खाल्लं, पेलं की तुले ते उचला लागते. म्हनून."

मी भांडी आपटत होते आणि हा माणूस मला घाण उचलायला लागू नये म्हणून उपाशी राहत होता! रडूही आलं आणि रागही आला. आमच्या घरात राग आधी बोलतो.

"जल्मभर शेणात हात घातला तुम्ही. कधी लाज वाटली? मंग मी काहून लाजू?"

मग मी दाण्यांचं सांगितलं. त्यांनी मान वळवली आणि कित्येक दिवसांनी सरळ माझ्याकडे पाहिलं.

"अख्खे? एकबी फुटला नाही?"

"एकबी दिसला नाही."

"बाप्पा!" ते हळूच म्हणाले. "बीच आहे ना ते, बाई. त्याचं कामच वाचाचं. मी आपला उगाच समजून राहिलो, का मी त्याले खाऊन राहिलो." मग त्यांनी ग्लासाकडे हात केला.

दाणा फोडायचा तर दळायलाच हवा होता, आणि त्यातही मी आधी घाण केलीच. उत्साहात किलोभर जवस भाजून मिक्सरमध्ये एकसारखं फिरवलं, तर ते गरम होऊन तेलकट गोळा झालं. तसंच बरणीत भरून गॅसजवळच्या फळीवर ठेवलं. दोन आठवड्यांनी सासऱ्यांनी वाटी नाकाशी नेली आणि खाली ठेवली.

"हे तं दाराच्या लाकडाले लावाच्या तेलावानी वास मारते वं."

खरंच होतं. टरफल आहे तोवर आतलं तेल सुरक्षित, फुटलं की हवा आणि उष्णता त्याला लागते आणि ते खवट होतं. बरणी कचऱ्यात गेली. मग मी शहाणी झाले. हलकं भाजायचं, पूर्ण निवू द्यायचं, थांबत थांबत मिक्सर फिरवायचा, आठवड्यापुरतंच दळायचं, घट्ट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचं. सुरुवातीला अर्धा चमचा, मग रोज एक मोठा चमचा, वरणात नाहीतर ताकात कालवून, सोबत भरलेला ग्लास. गोळ्यांच्या वेळी नाही, चिकट थरामुळे औषध नीट भिनत नाही म्हणून. आता कवळीही काढावी लागत नव्हती.

सगळं श्रेय जवसाला देणार नाही. पाणी होतं, पोळ्या होत्या, वॉकर धरून गॅलरीतल्या फेऱ्या होत्या. पण पोट हलकं झालं, भूक परतली, आणि बेडपॅन एक दिवस मी घासून माळ्यावर टाकला.

दिवाळीनंतर आम्ही खाप्याला गेलो. बांधावर खुर्ची टाकून त्यांना बसवलं. बियाण्याचा डबा त्यांच्या मांडीवर होता, मी दळायला ज्यातून जवस घेत असे तोच. त्यांच्या घरात पेरणीची पहिली मूठ घरचा कर्ता पुरुष टाकतो. नवरा पुढे झाला, तर त्यांनी त्याला हातानं थांबवलं आणि मला बोलावलं.

"तू टाक."

मी मूठ भरली. गडीमाणसं बघत होती. दाणे बोटांतून निसटत होते, तसेच चकचकीत.

"मामाजी, नाही उगवलं तं?"

ते वॉकरला धरून उभे राहिले, सगळ्यांसमोर, माझ्या डोळ्यांत बघत. "तूच पाह्यलं ना त्याले," ते म्हणाले. "माह्या पोटात मेलं नाही ते, मातीत काय मरन?"

मी मूठ उघडली.