गळ्यापर्यंत भरलेली बाटली

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढलेल्या या बाईंना मुलं पाठीमागे पंचनामाबाई म्हणत. नाव चपखल होतं. घरी दूध नासलं तर त्या आधी नवऱ्याकडे बघत, मग दुधाकडे. कॉलेजात जर्नल तपासताना तर डोळ्यांत तेल घालून बसत. मुलं गेल्या वर्षीच्या जर्नलवरून कृती उतरवतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. 'ब्युरेट धुवावी, आम्ल घ्यावे' असं कुठे दिसलं की लाल पेन सरसावायचं. "पाककृती लिहिताय का? तुम्ही काय केलंत ते लिहा. दुसऱ्याला वाचून जसंच्या तसं करता आलं पाहिजे!"

त्या शुक्रवारी टायट्रेशनची, म्हणजे आम्ल शमवायला किती अल्क लागतं ते मोजण्याच्या प्रयोगाची, एकवीस जर्नलं त्यांच्यापुढे होती. वीस जणांना दहा मिलिलिटर आम्लासाठी बरोबर दहा मिली सोडियम हायड्रॉक्साइड लागलं होतं. मागच्या टेबलावरच्या एका चष्मेवालीला मात्र ११.८, ११.७, ११.७. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. या पोरीने ब्युरेटच्या तोटीला हात तरी लावला होता का? मनचे आकडे ठोकून दिले असणार. त्यांनी विभागप्रमुखांना चिठ्ठी लिहून टाकली: खोटी निरीक्षणं, जर्नल अमान्य करावे. जर्नल अमान्य म्हणजे परीक्षेला बसणं बंद, वर्ष वाया.

पण चिठ्ठी पाठवण्याआधी खोटं उघडं पाडायचं होतं. त्यांनी मुलीला बोलावून घेतलं.

"तुझंच वाचून मी करते. तू नुसती बघ. एक शब्दही बोलायचा नाही."

 तिने मान हलवली.

बाई वाचत गेल्या आणि तसंतसं करत गेल्या. 'मागच्या टेबलावरची निळ्या झाकणाची बाटली घेतली. ब्युरेट आधी ऊर्ध्वपातित पाण्याने आणि मग बाटलीतल्या द्रावणाने दोनदा विसळली. द्रावण भरून टोकातली हवा घालवली, नरसाळे काढले आणि पातळी शून्यावर आणली. शंकूपात्र फक्त पाण्याने धुतले. पिपेट आम्लाने विसळून दहा मिली दशांश नॉर्मल आम्ल पात्रात घेतले. फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकले. नऊ मिलीनंतर थेंबथेंब सोडले. फिकट गुलाबी रंग तीस सेकंद टिकला तेव्हा थांबले. असे तीनदा केले.'

एवढं बारीक लिहिलंय म्हणजे नक्की काहीतरी लपवतेय, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

दहा मिली झाले. पात्र पाण्यासारखं स्वच्छ. अकरा झाले, तरी रंग नाही. साडेअकराला गुलाबी छटा उमटली आणि पात्र हलवताच विरली. ११.७ ला टिकली. बाईंनी पुन्हा केलं. ११.७. तिसऱ्यांदाही ११.७ च.

आम्ल शमवायला जास्त लागलं, म्हणजे द्रावण पातळ होतं. म्हणजे कोणीतरी... त्यांनी संशयाने, एरवी द्रावणं करून ठेवणाऱ्या शिपाईकाकांच्या स्टुलाकडे पाहिलं. पण काका तर आठवडाभर रजेवर होते. मंगळवारी सकाळी द्रावण त्यांनी स्वतःच केलं होतं. उशीर झालेला, मागच्या टेबलाची दुसरी बाटली भरायला थोडं कमी पडलेलं, आणि मुलं दारात उभी. त्यांनी पाण्याची बाटली उचलली आणि निळ्या झाकणाची बाटली गळ्यापर्यंत भरून टाकली. एवढ्याने काय होतंय, असं मनाशी म्हटल्याचंही आता आठवलं. 

आणि मागच्या टेबलावर बारा जण होते! त्याच बाटलीतून अकरा जणांना दहा मिली कसे आले? बावीस वर्षं ज्या आकड्यावर त्यांनी डोळे मिटून बरोबरची खूण केली, तोच आकडा त्यांना फसवत आला होता. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"बसू का बाई?" मुलीने हळूच विचारलं.

"बस."

बाईंनी चिठ्ठी फाडली. मग कपाटातून द्रावणांची नोंदवही काढली. मंगळवारच्या पानावर त्यांच्याच वळणदार अक्षरात होतं: 'चार ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड विरघळवून एक लिटर करावे.' खाली सही. त्यांनी ती ओळ खोडली आणि लिहिलं: 'चार ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड विरघळवून एक लिटर केले. दुसऱ्या बाटलीत द्रावण कमी पडले. मी त्यात पाणी ओतून ती भरली.' वही त्यांनी मुलीपुढे सरकवली.

"वाच. यावरून कोणालाही जसंच्या तसं करता येईल ना?"

मुलीने दोनदा वाचलं. चष्मा सावरला.

"बाई, किती पाणी ते नाही लिहिलंत."

"मोजलं नव्हतं गं."

मुलीने वही परत बाईंकडे सरकवली. "मग तसं लिहा ना, बाई."

बाईंनी पेन पुन्हा उचललं आणि लिहिलं: 'पाणी मोजले नाही.'