एक आणा आणि बुरशी धरलेली तंबाखू

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. मी बेळगावात हिशेबतपासनीस होतो आणि दरवर्षी निपाणीच्या एका तंबाखूच्या पेढीचा ताळेबंद तपासायला जायचो. पेढी दोन भावांची, निम्मी-निम्मी. धाकटा कमी बोलायचा. थोरला सगळ्या पेठेला अक्कल शिकवायचा. दिवाणजीही त्यानं आपल्याला शोभेल असाच पाळला होता.

त्या वर्षी गेलो तर दिवाणजी घामाघूम. जमा-नावेत एका आण्याचा फरक! त्यासाठी दोन कारकून आठवडाभर जुन्या बेरजा उपसत होते. मी मोठ्या रकमा ताडून पाहिल्या. फरकाआड काही दडलेलं नव्हतं.

"टाका किरकोळ खर्चात," मी म्हणालो. "एवढ्यानं कुणाचं काय अडणार आहे?"

"आण्याचाबी हिशेब लागाय पायजे, साहेब!" त्यानं छाती फुगवली.

मग मी वखारीत गेलो. मागचं छप्पर गळून जवळजवळ निम्मा माल भिजला होता. तंबाखूचे बोद, म्हणजे बांधलेले गठ्ठे, उघडले तर आत पांढरी बुरशी आणि कुबट वास. दलाल चौथाई किमतीलाही नाक मुरडत होते. आणि या आण्याच्या पुजाऱ्यानं वहीत काय लिहिलं होतं? पूर्ण खरेदीची किंमत! वर, चांगला माल मुंबईला विकून होईल तो नफाही आधीच जमा धरलेला.

मी थोरल्याला विचारलं, "मुंबईचा सौदा झाला?"

"न्हाय, पर हुणारच की. भाव लई चढणार हाय."

"मग नफा विक्रीनंतर लिहा. भिजल्याचा तोटा मात्र डोळ्यांसमोर आहे, तो आजच लिहा. खरेदीची किंमत आणि बाजारभाव, यांत जे कमी तेच धरायचं."

"तोटा दावल्यावर ब्यांक कर्ज देतीया व्हय? तुमी निस्ती सही करा."

ताळेबंदावर तसा शेरा मारल्याशिवाय सही करणार नाही, असं सांगून मी उठलो. त्यानं कोल्हापूरहून दुसरा तपासनीस आणला. जेवणावर ताव मारून त्या गृहस्थानं सही ठोकली. आणाही सापडला म्हणे. दिवाणजीनं पेढे वाटले.

धाकट्याला तो ताळेबंद फार आवडला. महिन्याभरात त्यानं वेगळं व्हायचं म्हणून आपला निम्मा वाटा मागितला.

"अण्णा, आकडं तुमीच लिवल्यात. खाली मालक म्हनून सहीबी तुमचीच हाय."

आता थोरला कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? ब्यांकेच्या कर्जातून त्यानं बुरशीचेही पूर्ण दाम मोजले, न झालेल्या नफ्यातलाही वाटा दिला. पुढं मुंबईचा सौदा फिसकटला आणि भिजलेली तंबाखू उसाला खत म्हणून गेली.

मग स्वारी बेळगावात, टिळकवाडीतल्या माझ्या दारात.

"साहेब, त्या सालाचा खरा ताळेबंद करून द्या की. धाकट्याकडनं पैसं परत घ्याय पायजेत."

मी त्याला बसा म्हणालो नाही. "ज्या तपासनिसानं सही केली त्याच्याकडे जा," एवढं सांगितलं आणि दार लावून घेतलं. जिना उतरताना तो दिवाणजीला शिव्या देत होता. स्वतःला एकही नाही.